दिल्याच्या गोळ्या

डॉ. अनुजाचा हिशेब साधा होता. सातपुड्यातल्या या आरोग्य केंद्रात एक वर्ष काढलं की पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला जादा गुण मिळणार. आधीचे डॉक्टर सरोदे बदली मिळवून सुटले होते. जाताना त्यांनी तिच्यासाठी ठेवलेल्या पत्रातल्या एकाच रुग्णापाशी ती अडली : ‘दिल्या पावरा, टीबी. गोळ्या नियमित, रिकामी पाकिटं दर वेळी दाखवतो. तरी वजन घटतंय. मला कळलं नाही, तुम्ही बघा.’

तिलाही कळेना. शेवटी ती त्याच्या पाड्यावर गेली. दारात दिल्याची बायको झेलाबाई खोकत होती.

“दिल्याभाऊ, गोळ्या खरंच खाता ना?”

“खातो की. पाकीट रिकामं होतंच ना, बाई?”

“रोज सगळ्या?”

दिल्या गोंधळला. “सगळ्या कशा? अर्ध्या हिच्या. हीपण खोकते. घरात आलेलं एकट्यानं खायचं?”

“आणि सरोदे डॉक्टरांना सांगितलं नाही?”

“त्यांनी पाकिटं मागितली, दिली. कोण खातं ते कुठं विचारलं?”

झेलाबाई हसली. “मी म्हटलं होतं, सांग. पण याला वाटलं, डॉक्टर माझ्या वाटणीच्या गोळ्या बंद करतील.”

अनुजाने दोघांचीही थुंकी तपासणीला पाठवली. झेलाबाईचा टीबी नशिबाने अजून नेहमीच्या गोळ्यांनी बरा होणारा निघाला. दिल्याचा मात्र अर्ध्या औषधावर निर्ढावला होता, त्या गोळ्यांना दाद देत नव्हता. त्याला आता जास्त कडक औषधं लागणार होती.

सरोद्यांना बदली मिळाली, अनुजाला गुण मिळतील, झेलाबाईला उपचार मिळाले. किंमत एकट्या दिल्याने मोजली, तीही वाटून खाल्ल्याबद्दल.