उदाहरण आपल्या गावचं

कासुर्डीची दुपार अशी, की माणूस बोलता बोलता पेंगतं. त्या सुस्तीत स्वप्नाली ओसरीवर राज्यशास्त्राचा सराव प्रश्नसंच मोठ्यानं वाचायची आणि सासू विठाबाई लोकर विंचरत ऐकायची. तरुणपण मेंढरांमागं गेलेलं, शाळा पाहिलेली नाही, पण त्या शब्दांची तिला भारी गोडी. लघुत्तरी प्रश्नाचं उत्तर तिला पेंगतानाही येई: ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली सगळी माणसं. दीर्घोत्तरी प्रश्न निघाला की डोळे मिटत, आणि प्रस्तावना, तरतुदी, महत्त्व, मर्यादा, समारोप हे मुद्दे भीमेच्या उथळ पाण्यातून मेंढरं उतरावीत तसे सावकाश तिच्यापुढून जात.

स्वप्नालीला मात्र झोप परवडणारी नव्हती. बाहेरून बी.ए. करताना गेल्या वर्षी ती याच पेपरात गचकली होती. औंदा राहिली तर शिक्षणाचं नाव काढायचं नाही, असं नवऱ्यानं, रविराजनं, बजावलं होतं. दौंडच्या कॉलेजातले मच्छिंद्र सर सरावाची उत्तरं तपासून देत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवरच्या तिच्या उत्तराला त्यांनी वीसपैकी सात दिले. मुद्दे प्रश्नसंचातल्या आराखड्याबरहुकूम होते, पण सरांचा शिरस्ता असा, की मुद्द्याखाली आपल्या गावचं उदाहरण हवं. नुसता सांगाडा त्यांना चालत नसे. तिनं 'मर्यादा'खाली जागाच सोडली होती.

सोडणार नाही तर काय करील? आराखड्यात लिहिलं होतं, महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, तरी कारभार बऱ्याचदा घरचे पुरुषच पाहतात. आणि ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेली विठाबाई समोरच बसलेली. सभेला रविराज जाई, मग शिपाई वही घरी आणून हिचा अंगठा घेई. पोरगी बिचारी घरची अब्रू राखत होती आणि मार्क घालवत होती.

"रोज हितंच का अडतीस?" विठाबाईनं विचारलं.

स्वप्नालीनं आधी उडवाउडवी केली. मग न राहवून मुद्दा वाचला, सर काय मागतात तेही सांगितलं.

लोकरीतले हात थांबले. विठाबाईला वाटलं, आपण जाग्या आहोत की झोपेत? पहाटेच्या धुक्यात कळप निघाला होता आणि पुढं एक तरणी बाई चालली होती. कुठली वाट धरायची हे तीच ठरवत होती, बाप्ये मागून येत होते. ती बाई आपणच, हे ओळखायला तिला वेळ लागला.

"माझं नाव लिही," ती म्हणाली.

"आत्या, ह्यांना कळलं तर?"

"कळू दे. खोटं हाय का?" तिनं अंगावरची लोकर झटकली. "निस्ता समारोप आज लिहू नगंस. उद्या पंचायतीची मिटिंग हाय. मी जाऊन येते, मग लिही."