बुटकीचा टॅब

सुनेला कोर्टाने घटस्फोट देऊन मोकळं केलं, पण तिला टीव्हीच्या अ‍ॅपमधून काढायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. खातं माझ्या नंबरवर. ओटीपी माझ्याच फोनवर येतो ना!

मुलगा कप घेऊन शेजारी येऊन बसला. "आई, आज करूनच टाक. आधी फॅमिली प्लॅनमधून तिचा नंबर काढ, मग प्रोफाइल डिलीट कर, मग डिव्हाइसेस."

"राहू दे की रे. तुझ्या डोळ्यांत काय सलतंय?"

"आई, संपलंय ते."

बरं बाबा. नंबर काढला. मग प्रोफाइल. नाव 'बुटकी', मीच तिला चिडवायचे तसं. ती घर सोडून गेल्यापासून त्यात काही हललं नव्हतं. मालिका जिथे थांबली होती तिथेच थांबलेली. पाहिलेलं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, असं फोनने बजावलं. मी बटण दाबलं. 'बुटकी' आणि तिचं ते चित्र पडद्यावरून गेलं.

जाताना दारात म्हणाली होती, "आई, फोन नका करू हं. तुमचा आवाज ऐकला की मला पुढे जाता येत नाही." नाही केला मी. तिनेही नाही केला. म्हटलं, विसरली असेल, बरंच झालं.

"आता डिव्हाइसेस," मुलगा म्हणाला. "प्रोफाइल गेलं तरी ती लॉग-इन राहतात."

यादी उघडली. हॉलमधला टीव्ही, माझा फोन, त्याचा लॅपटॉप. खाली एक टॅब. तिचाच. लॉग-इन माझ्या नंबरने, ओटीपी मीच वाचून दाखवला होता तिला. शेवटचा वापर: आज सकाळी. प्रोफाइल: आई.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे काय?" मुलगा वाकून बघत म्हणाला. "स्वतःचं सोडून तुझ्या प्रोफाइलमध्ये काय करते ही?"

"काय करणार? मी काल काय बघितलं, कुठे थांबले, ते बघून जात असेल. म्हातारी धडधाकट आहे ना, एवढंच." मी फोन त्याच्यापुढे धरला. "तिला माझी आठवण येते रे, गाढवा! घटस्फोट तू घेतलास, मी नाही."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे.

"म्हणूनच काढ आई," तो हळूच म्हणाला. "अशाने ती कशी पुढे जाणार?"

कधी नव्हे ते कार्टं बरोबर बोललं. टॅबवर बोट ठेवलं, 'साइन आउट' दाबलं. टॅब यादीतून गेला आणि मी ढसाढसा रडले. उद्या सकाळी ती टॅब उघडेल, तेव्हा अ‍ॅप तिच्याकडे नंबर आणि ओटीपी मागेल. माझा नंबर तिला तोंडपाठ आहे. पण ओटीपी विचारायला पोरगी फोन काही करायची नाही.