लाल ठिपका

वॉर्डात तिला सगळ्या नर्सा चिमणी म्हणायच्या, कारण आवाज तेवढाच होता. त्या आवाजात तिला आता थेट मुख्य सर्जन, म्हणजे बडे सर, आणि वैद्यकीय अधीक्षकांसमोर बोलायचं होतं. ड्युटी बदलताना नर्सा टेबलापाशी बसून रुग्णांची माहिती एकमेकींना देतात. तीच माहिती खाटेशी उभं राहून दिली, तर सलाईन, नळ्या, जखम सगळं दोघींच्या डोळ्यांसमोर राहतं, असं तिचं म्हणणं. टेबलापाशी किती गोष्टी सांगायच्या राहून जातात, याचे आकडेही तिने जमवले होते. ते पटलं नाही तर प्रस्ताव फायलीत जाणार, आणि फायलीतून परत आलेला प्रस्ताव तिथे कोणी पाहिला नव्हता.

सभेच्या आदल्या दुपारी तिने मेट्रनबाईंना भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली. "मी साधी नर्स, मला काय कळतंय. आकडे चुकले तर सांभाळून घ्या."

"चुकलेत का?"

"नाही हो. पुन्हा पुन्हा तपासलेत."

"मग कशाला सांगतेस? ते बडे सर खरं मानून बसतील. स्वतःवर हसावं गं, पण बसायची फांदी तोडू नये."

"मग कशावर हसू?"

"मला काय विचारतेस? माझ्यावर लोक पाठीमागे हसतात, ते मला कुठे ऐकू येतं."

घरी तिने नवऱ्याला दोन-तीन विनोद ऐकवले. तो हसला नाही. पण तो कशालाच हसत नाही, त्यामुळे निकाल काही लागला नाही.

सभेत पडद्यावर तक्ता आला. तिने पॉइंटर रोखला आणि लाल ठिपका तक्त्यावरून भिंतीवर, भिंतीवरून घड्याळावर उड्या मारू लागला. बड्या सरांनी चष्मा काढला. पाठ केलेले विनोद कुठल्या कुठे पळाले.

"हा ठिपका तक्त्यातला नाही," ती म्हणाली. "तो माझा हात आहे. आकडे मात्र जागेवर आहेत."

सरांशेजारी बसलेले भूलतज्ज्ञ मोठ्याने हसले. "नाडी किती आहे?"

"ती या तक्त्यात धरलेली नाही, सर."

आता सगळेच हसले. तिने पॉइंटर टेबलावर ठेवला आणि पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवू लागली. हसण्याच्या वाऱ्यावर पहिलं वाक्य निघालं, मग पुढची आपोआप आली.

"याला वेळ जास्त लागणार," बडे सर म्हणाले.

"सुरुवातीला लागतो. पण नंतर घरी गेलेल्या नर्सला फोन करून विचारावं लागत नाही."

"आणि रुग्णासमोर बोलू नये असं काही असेल तर?"

"ते आधी बाहेर बोलून घ्यायचं."

सरांनी अधीक्षकांकडे पाहिलं. "महिनाभर करून बघू. माझ्या वॉर्डापासून." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सोमवारी सकाळी मीही खाटेशी येतो."

"या, सर," ती म्हणाली, आणि टेबलावरचा पॉइंटर उचलून तिने बंद केला.