कार्बन डायऑक्साइडची चांदणी

मास्तर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळा जन्म पेपर तपासण्यात गेला त्यांचा. कुठलाही कागद हातात आला की आधी चुका मोजायच्या, मग मजकूर वाचायचा. लग्नपत्रिकासुद्धा. मी त्यांना कितीदा म्हटलं असेल, "मास्तर, चितेवर ठेवतील तेव्हा लाकडंसुद्धा तपासून घ्याल तुम्ही." ते हसायचे. धाकटी माझ्यावर डोळे वटारायची आणि मग स्वतःच फिसकन हसायची.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. धाकटीला मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला होता आणि तो रक्तात पसरला होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आमच्याजवळ बसल्या. उभ्याउभ्या बोलून निघून जाणाऱ्यातल्या नव्हत्या त्या. हाताच्या मनगटातून, धमनीतून रक्त काढून तपासलं होतं, त्याचा रिपोर्ट त्यांनी मास्तरांच्या हातात दिला.

"रक्तात आम्ल साठतंय त्यांच्या," त्या म्हणाल्या. "हा पहिला आकडा, पीएच. सात पूर्णांक पस्तीस ते पंचेचाळीसच्या मधे असायला हवा. त्याच्या खाली गेला म्हणजे रक्त आंबट झालं. त्यांचा बत्तीस आहे. हा बायकार्बोनेट. आपला खायचा सोडा असतो ना, त्यातलाच. आम्ल मारायचं काम त्याचं. चोवीसच्या आसपास हवा, उरलाय बारा. आम्ल मारता मारता निम्मा संपला."

"आणि हा?" मास्तरांनी मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"कार्बन डायऑक्साइड. तोही रक्तात आम्ल वाढवतो, पण तो श्वासावाटे बाहेर टाकता येतो. म्हणून त्या भराभर श्वास घेताहेत. पस्तीस ते पंचेचाळीस असतो एरवी, त्यांनी चोवीसवर आणून ठेवलाय. सोडा कमी पडतोय, ती तूट श्वास भरून काढतोय. त्यामुळेच पीएच अजून इतका तरी आहे. पण हे फार दमवणारं काम आहे."

मी मान हलवली. मला कळलं ते एवढंच, की माझी बहीण आत पडल्यापडल्या धावते आहे. ती कधी स्वस्थ बसली होती म्हणा. घरात कुणाचं काही कमी पडलं की ही पदर खोचून उभी.

मास्तरांनी मात्र कागद तपासला. रक्त तपासणारं यंत्र काय करतं, जो आकडा मर्यादेबाहेर असेल त्याच्यापुढे एक चांदणी छापतं. पीएचपुढे चांदणी, कार्बन डायऑक्साइडपुढे चांदणी, बायकार्बोनेटपुढे चांदणी.

"तीन चुका," मास्तर म्हणाले.

ठकी, म्हणजे धाकटीची एकुलती एक लेक, गावाच्या दुसऱ्या टोकाला वसतिगृहात राहत होती. रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर. दुपारी तिचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. "बाबा, मी पेपर सोडते आणि येते," तिचा सकाळपासून हाच धोशा. आत धाकटीचंही तेच. मी भेटायला गेले तर तोंडावरचा मास्क बाजूला करून, दर श्वासाला एकेक शब्द टाकत म्हणाली, "ठकी... आली... की... मला... उठव." झोपलीच कुठे होती ती, उठवायला.

मी बाहेर येऊन मास्तरांना म्हटलं, "बोलवा पोरीला. पेपर पुन्हा देता येतो."

"बोलावतो," म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांच्या फोनवर दुपारचा रिपोर्ट आला. तिथे रिपोर्ट डॉक्टरांकडे जातो तसाच नातेवाइकांच्या फोनवरही येतो. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, एक चांदणी गेली!"

मी बघितलं. कार्बन डायऑक्साइड अडतीस. पुढे काही नाही, कोरं. पस्तीस ते पंचेचाळीसच्या अगदी आत. मलाही इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, डोळ्यांना पाणीच आलं. पीएचपुढे चांदणी होती, पण ती सकाळीही होतीच. पीएचचा आकडा सात पूर्णांक बत्तीसवरून सात पूर्णांक बारावर आला होता, तो आम्ही दोघांनीही वाचला नाही. चांदणी चूक आहे एवढंच सांगते, किती मोठी ते सांगत नाही.

मास्तरांनी ठकीला फोन लावला. "अगं, उतार पडतोय. कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आला. तू शांतपणे पेपर दे आणि मग ये. आईलाही तेच आवडेल." ठकी रिक्षात एक पाय ठेवून उभी होती, हे तिने मागाहून सांगितलं. तिने पाय काढला, परीक्षेच्या हॉलवर गेली आणि फोन बाहेर पिशवीत ठेवून आत बसली.

मी मास्तरांसाठी चहा आणला. दोन घोट घेतले असतील नसतील, डॉक्टरीणबाई जवळजवळ धावतच बाहेर आल्या.

"त्या दमल्यात. श्वासनलिकेत नळी घालून यंत्रावर घ्यावं लागेल, लगेच. झोपेचं औषध देणार आहोत, मग बोलता येणार नाही. दोन मिनिटं आत या."

"पण कार्बन डायऑक्साइड तर नॉर्मल आलाय," मास्तर म्हणाले. आवाज अगदी वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखा.

त्या म्हणाल्या, "आजोबा, तो नॉर्मल असून चालणारच नव्हतं. बायकार्बोनेट अजून बाराच आहे. सोडा इतका कमी असताना कार्बन डायऑक्साइड खालीच राहायला हवा होता. वर आला, कारण त्यांच्यात आता बाहेर टाकायची ताकद उरली नाही."

मास्तरांनी चहाचा कप बाकड्यावर ठेवला, तो नीट बसला नाही, कलंडला.

आत गेलो. धाकटीचा श्वास सकाळी भराभर चालत होता, तो आता उथळ आणि संथ झाला होता. सकाळची मी असते तर म्हटलं असतं, बघा, शांत झाली. मी ठकीचा फोन लावत होते. वाजत होता, वाजत होता, बंद पडत होता. धाकटीने डोळे उघडून मास्तरांकडे पाहिलं.

"आली?"

आयुष्यभरात मास्तर खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. एका मार्कासाठी सख्ख्या पुतण्याला नापास केलेला माणूस तो.

"आली. जिन्यावर आहे," ते म्हणाले.

धाकटीने मान दाराकडे वळवली. नर्सबाईंनी औषध सोडलं, तरी ती दाराकडेच बघत होती. मग डोळे मिटले. आम्हाला बाहेर काढलं.

ठकी संध्याकाळी आली. मास्तर तिच्यासमोर उभे राहीनात, भिंतीकडे तोंड करून बसले. मग मीच सांगितलं तिला सगळं. चांदणी सांगितली, अडतीस सांगितला, जिनाही सांगितला. लपवून काय करणार होते? मला वाटलं बापावर आग पाखडेल, पाखडली असती तरी मी तिला अडवलं नसतं. ती बापाजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. मी तिच्यामागे.

यंत्र श्वास देत होतं. त्या वेळचा रिपोर्टही आला होता, कार्बन डायऑक्साइड पुन्हा खाली, पण बायकार्बोनेट आठ आणि रक्तदाब औषधांवरही टिकेना. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आता फार वेळ नाही.

ठकीने आईच्या कानावरचे केस मागे सारले आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"आई, आले गं. जिन्यावर चप्पल तुटली, म्हणून उशीर झाला."