एकेचाळीस जणांची सरासरी

महाविद्यालयाचं माहितीपत्रक छापायला जाण्याआधी त्यावर आकडे तपासणाऱ्या बाईंची सही लागायची. सही म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली एक खुर्ची, आणि तिथं कोणी सहज म्हणून डोकावत नसे. अपवाद एकच: विद्यार्थ्यांना नोकऱ्या लावून देणाऱ्या विभागाचा प्रमुख. त्याला ती भाऊ म्हणायची, तो तिला ताई. नवरा गेल्यापासून तिच्याशी दिवसात धड दहा वाक्यं बोलणारा माणूस तोच, तेही जेवायच्या सुट्टीत. घरी तर ती कुकरशीच भांडायची.

त्या दिवशी डबा उघडायच्या आधीच त्यानं पत्रक पुढं सरकवलं. "ताई, सही ठोका. चारला छपाईवाला येतोय."

गेल्या वर्षीचे विद्यार्थी एकेचाळीस. सरासरी पगार बासष्ट हजार. चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधल्याचा पगार तीस हजार. सर्वांत जास्त नव्वद.

बाईंनी पेन काढलं आणि पुन्हा टोपण लावलं.

"भाऊ, हे जमत नाही."

"काय जमत नाही?"

"मधला तीसवर आहे. म्हणजे त्याच्यासकट खालचे एकवीस जण तीसच्या वर जात नाहीत. सगळ्यांना तीस देऊन टाकू, हात आखडायचा नाही. वरच्या वीसही जणांना नव्वद देऊ. तरी सरासरी एकोणसाठच्या जरा पुढं. बासष्ट कुठून आणलेस?"

त्यानं मान खाजवली. यादी आणली. मग हळूहळू उलगडलं. मधला पगार त्यानं पूर्ण यादीतून, वरून मोजत एकविसावा काढला होता. सरासरी काढताना मात्र नोकरी न लागलेल्यांच्या रिकाम्या ओळी सोडून दिल्या होत्या. मुद्दाम नाही, सवयीनं. रिकामी ओळ कोण मोजतं?

बाईंनी मोजल्या. सोळा. सगळ्यांना धरून सरासरी अडतीस हजारही भरत नव्हती.

"मग मधला आकडाच उडवू," तो म्हणाला. "बासष्ट राहू दे."

"पत्रकात विद्यार्थी एकेचाळीस लिहिलेत. आईबाप ते वाचून फी भरतील. पंचवीस जणांची सरासरी आहे असं लिही, सोळा जण बसून आहेत असंही लिही. मी आत्ता सही करते."

"तसं छापलं तर पुढच्या वर्षी मीही बसून असेन." त्याचा आवाज उतरला. "ताई, आपल्यात एवढंही नाही का? त्या सोळांना विचारतंय कोण?"

तिला सही करावीशी वाटली. अगदी मनापासून वाटली. उद्यापासून ही खुर्ची कशी खायला उठेल, ते तिला आजच दिसत होतं.

"मी विचारतेय," ती म्हणाली.

त्यानं पत्रक उचललं, न उघडलेला डबा उचलला आणि खाली गेला. बाईंनी आपला डबा उघडला. एकटीनंच पोळी संपवली. नंतरच्या आठवड्यात तो जिन्यात भेटला, तेव्हा तिला "मॅडम" म्हणाला.