चाखलेले दाणे

धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी थोरलीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सुकामेव्याच्या दुकानात माल पारखणाऱ्या भावाचं मूत्रपिंड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, "आधी दहा किलो उतरवा."

त्याने रात्रीचं जेवण सोडलं. सहा महिने काटा हलेना.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दुकानात काय खाता?"

"खात नाही हो, पोत्यापोत्यातलं नुसतं चाखतो."

बाईंनी दिवसभराचं चाखणं डब्यात जमवायला लावलं. बदाम, काजू, अक्रोड मिळून पाच मुठी भरल्या.

"पौष्टिक आहे, पण हे एक भरपेट जेवणच झालं."

"ताई, तुझे सहा महिने मीच चघळले गं," तो थोरलीपाशी जाऊन रडला.

"गप रे उंदरा, तुला काय ठाऊक होतं?" ती म्हणाली.

त्याने चाखणं थांबवलं. सहा किलो उतरले. चार उरले असताना, नऊ मार्चला, थोरली वारली.