अकरा दाण्यांची लोंब

नागपुरात सीताबर्डीच्या गल्लीत महादेवरावांचं युनिफॉर्मचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागच्या खोलीत बारा सुयांचं भरतकामाचं मशीन. हे मशीन दिपाली चालवायची, आणि चालवायची म्हणजे काय, त्याच्या आवाजावरून कोणत्या सुईचा धागा तुटणार हे तिला आधी कळायचं. पण मशीनला अक्कल नसते. लोगो आला की आधी कोणीतरी तो कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडून द्यावा लागतो. कुठला टाका कुठून कुठे, कोणत्या दिशेनं, किती दाट, सगळं. याला धंद्यात पंचिंग म्हणतात. हे पंचिंग महादेवराव वर्षानुवर्षं सुरतेच्या एका माणसाकडून करून घ्यायचे.

दिपालीला ते डोळ्यांत खुपायचं. घरच्या लॅपटॉपवर ती पंचिंग शिकली होती, बहिणीच्या मुलीच्या फ्रॉकवर मोर काढून झाला होता, नवऱ्याच्या, अश्विनच्या टोपीवर त्याचं नाव काढून झालं होतं. आणि दुकानात? दुकानात ती धागा ओवणारी बाई. दर वेळी विचारलं की महादेवराव एकच म्हणत, "तू मशीन सांभाळ ना वं. सुरतवाला हाय ना."

मग नागपूरजवळच्या कुही तालुक्यातलं काम आलं. तिकडच्या अकरा गावांच्या धान उत्पादकांनी मिळून 'एकजूट' नावाची कंपनी काढली होती, स्वतःची राईस मिल उभी केली होती. दिवाळीनंतर मिल सुरू होणार, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट हवे होते, आणि छातीवर लोगो छापलेला नाही तर भरलेला. कंपनीच्या अध्यक्ष गोपिकाताई स्वतः लोगो घेऊन आल्या. पानांसकट धानाची लोंब, मागे उगवता सूर्य, खाली शेताच्या रेघा, भोवती गोल अक्षरं. सूर्य वरून लाल, खाली येता येता पिवळा. प्रत्येक दाण्याला केसासारखं कुसळ. मोबाईलवर पाहायला इतका सुंदर की दिपालीनं तोंडात बोट घातलं.

नेमका त्याच वेळी सुरतवाल्याचा फोन लागेना. दिपाली म्हणाली, "सेठ, हे मले द्या. नाही जमलं तर पुन्हा कधी नाव काढणार नाही पंचिंगचं."

महादेवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा नाव काढणार नाही ना? पक्कं?"

"पक्कं."

आता स्वतःच स्वतःला अशा कोपऱ्यात कोंडून घ्यायची काही गरज होती का? पण दिपालीचा स्वभावच तसा, तोंडातून शब्द सुटला की सुटला.

पहिला नमुना तिनं मोठ्या हौसेनं केला. काहीही सोडलं नाही. सूर्यासाठी लाल, शेंदरी, केशरी, पिवळा असे धागे लावले, हिरव्याच्या तीन छटा घेतल्या, कुसळं बारीक टाक्यांनी काढली, गोलातली लांबलचक अक्षरंही घातली. मशीन दर थोड्या वेळानं थांबे, धागा कापे, दुसरा उचले. दोनदा सुई तुटली. शेवटी जे बाहेर आलं ते पाहून तिचंच तिला हसू आलं आणि लगेच रडूही. छातीएवढ्या जागेत इतके टाके कोंबल्यावर टी-शर्टचं विणलेलं कापड पापडासारखं ताठ झालं होतं आणि भोवती चुण्या पडल्या होत्या. अक्षरांच्या मात्रा आणि काने एकमेकांत गुंतून नुसती मुंग्यांची रांग दिसत होती. कुसळं तर कापडात बुडालीच.

"हे काय करून राहिली तू? लोगो हाय का गोधडी?" महादेवराव म्हणाले.

बरं, चूक कळली. चित्रातल्या गोष्टी धाग्यात तशाच्या तशा येत नाहीत, हे तिनं शंभर वेळा वाचलं होतं, आता हाताला कळलं. दुसऱ्या वेळी तिनं कात्री लावली. कुसळं गेली, छटा गेल्या, अक्षरांचा गोल गेला, फक्त 'एकजूट' एवढं ठळक ठेवलं. लोंबीत दाण्यांची गर्दी होती, म्हणून तिनं तीही कमी केली, सात टपोरे दाणे ठेवले. नमुना मशीनवरून उतरला तो असा स्वच्छ, असा देखणा की महादेवरावांनी काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकालाही दाखवला. दिपाली हवेतच. तोच टी-शर्ट घेऊन ती महादेवरावांबरोबर कुहीला गेली.

एकजूटची एक रीत होती. बारीकसारीक गोष्टसुद्धा सगळ्या गावांच्या माणसांसमोर ठेवायची, वस्तू हातोहात फिरवायची आणि मग हात वर करायचे. टी-शर्ट फिरू लागला. माना हलत होत्या, दिपालीच्या ओठांवर हसू मावत नव्हतं. मग तो रुपराव नावाच्या म्हाताऱ्यापाशी पोचला. त्यांनी चष्मा पुसला, बोट टेकवत दाणे मोजले, पुन्हा मोजले.

"सातच हायेत," रुपराव म्हणाले.

"हो काका, धाग्यात गर्दी होते ना, म्हणून कमी केले," दिपाली मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

"कमी केले? आमचं गाव कमी केलं?"

तेव्हा गोपिकाताईंनी सांगितलं. लोंबीतला एकेक दाणा म्हणजे एकेक गाव. वरचा दाणा कोणाचा, खालचा कोणाचा, यावर दोन बैठका भांडण झालं होतं, तेव्हा कुठे तो लोगो ठरला होता. आणि ही बाई चार गावं कात्रीनं उडवून, वरून हसत उभी!

दिपालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. महादेवराव घाईघाईनं म्हणाले, "माफ करा बाप्पा. मी सुरतेहून करून आणतो, तिथं असे घोटाळे होत नाहीत."

"सेठ!" दिपाली जवळजवळ ओरडलीच. "मले कोणी सांगितलं होतं का दाणे म्हणजे गावं म्हणून? मीही विचारलं नाही, ती माझी चूक. पण आता मले माहीत हाय, सुरतवाल्याले नाही!"

गोपिकाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग महादेवरावांना म्हणाल्या, "दोन्ही आणा न भाऊ. कोणतं कोणाचं ते सांगू नका. आमी पाहू."

परतीच्या वाटेवर दिपालीच्या डोक्यात दाणे फिरत होते. अकरा दाणे ठेवायचे तर बाकी काय सोडायचं? पहिल्यांदा तिनं काहीच सोडलं नव्हतं, दुसऱ्यांदा नको ते सोडलं होतं.

तिनं सरळ चित्रच उलटंपालटं केलं. आधी सूर्य मोठा आणि लोंब बारीक होती. आता लोंब पुढे आणली, मोठी केली, सूर्य मागे अर्धा ठेवला. शेताच्या रेघा फक्त दोन, जाड. गोलातलं कंपनीचं लांबलचक पूर्ण नाव पाठीवर छापून द्यायचं, धाग्यात नाहीच. धागे तीन, हिरवा, सोनेरी आणि केशरी. सूर्य एका केशरीत केला, पण खाली येता येता टाक्यांच्या ओळी विरळ केल्या, म्हणजे मधून टी-शर्टचा फिक्का रंग डोकावतो आणि सूर्य आपोआप फिका होत जातो.

राहिले दाणे. अकरा दाणे एकाच सोनेरी धाग्यात शेजारीशेजारी भरले तर सगळे मिळून एकच पिवळा पट्टा दिसेल. प्रत्येक दाण्याला बाहेरून रेघ मारावी तर पुन्हा तीच गर्दी. काय करावं? चिडून तिनं पहिला फसलेला नमुना टेबलावर आपटला आणि तो तिरपा पडला. ट्यूबलाईटच्या उजेडात एका पानाचा अर्धा भाग गडद दिसला, अर्धा उजळ. धागा तर एकच होता! तिच्या हातून त्या पानाचे टाके चुकून दोन दिशांनी गेले होते, आणि चकचकीत धाग्यावर उजेड दोन तऱ्हांनी पडत होता.

"अगं बाई!" ती ताडकन खुर्चीतून उठली.

मग तिनं डावीकडच्या दाण्यांचे टाके एका तिरप्या दिशेनं घातले, उजवीकडच्यांचे उलट्या. दोन दाण्यांच्या मध्ये कापडाची बारीक फट सोडली. टाका कापडाला आत ओढतो आणि दाणा हाडकतो, म्हणून प्रत्येक दाणा आखताना जरा लठ्ठच आखला. खाली आधाराचे हलके टाके घातले, टी-शर्टच्या आतून बॅकिंगचं जाडसर अस्तर लावलं. मशीन सुरू झालं आणि न अडखळता, न कुरकुरता चालत राहिलं. उतरलेल्या टी-शर्टावर अकरा दाणे, अर्धे चमकणारे, अर्धे सावलीतले, जणू आत्ताच दाबले तर टचकन फुटतील. दिपालीनं तो तिथल्या तिथे साबणाच्या पाण्यात घालून पिळला, वाळवला, पुन्हा पाहिला. एक चुणी नाही. तिनं मोठ्यानं शिट्टी मारली, आणि दुकानातले सगळे आत डोकावून गेले.

कुहीला पुन्हा बैठक भरली. दोन टी-शर्ट टेबलावर ठेवले. सुरतेहून आलेलं काम वाईट नव्हतं हं, खोटं कशाला बोला. लांबून तर तेच जास्त झगमगत होतं, रंगांची नुसती उधळण. एकदोन जणांनी त्याच्याकडे बोट केलंही.

रुपरावांनी आधी तो झगमगता टी-शर्ट उचलला. बोट टेकवून मोजू लागले. पाचापर्यंत गेले, मग बोट अडखळलं. मागे आले, पुन्हा सुरू केलं. दाणे एकमेकांना चिकटले होते, एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते समजेना. त्यांनी कापड चिमटीत धरलं. "जड लागून राहिलं गा. धान कांडताना अंगाले टोचन."

मग दुसरा उचलला. बोट पहिल्या दाण्यावर टेकलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. बाकीचे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि नकळत मोठ्यानं मोजू लागले. अकरावर येताच सगळी खोली एकदम ओरडली. "आमचं हे!" "काहून, ते तं आमचं!" "तुमचं खालचं गा, दिसत नाही काय!" आणि अकरा गावांची माणसं एका टी-शर्टावर बोटं ठेवून भांडू लागली. एवढं सुंदर भांडण दिपालीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

रुपराव आपल्या दाण्यावरून अंगठा हलवायला तयार नव्हते. "आलं," ते म्हणाले, "आमचं गाव आलं."

हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही.

"कोणाचं काम हाय हे?" गोपिकाताईंनी विचारलं.

महादेवरावांनी खाकरून घसा साफ केला. क्षणभर दिपालीला वाटलं, आता हे काहीतरी गुळमुळीत बोलणार. पण ते उठून उभे राहिले. "हिचं. आमच्या दिपालीचं."

टाळ्या पडल्या. दिपालीचे डोळे भरून आले आणि ते तिनं पुसलेही नाहीत, पाहू दे ना सगळ्यांनी!

तेवढ्यात महादेवरावांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला. "सुरतवाला हाय. सांग त्याले."

"मी काय सांगू, सेठ?"

"जे खरं हाय ते. पंचिंगवाली तू हायेस ना आता?"

दिपालीनं फोन कानाला लावला. पलीकडून विचारणा झाली, सॅम्पल पास झालं का, पुढच्या पंचिंगच्या फाईलचं काम कधी पाठवता?

"भाऊसाहेब," दिपाली सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढची फाईल आमच्या नागपुरातच बनते."